इतवारीतला मसाला, तीन पाउच आणि पहिले बारा हजार

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात घरून काम करणारी एक पॅकेजिंग डिझायनर आणि इतवारीत मिरची-मसाल्याचं जुनं दुकान चालवणारं एक कुटुंब, एवढीच या प्रकरणातली माणसं. दुकान आजवर मसाला सुटा किंवा साध्या पिशवीत विकत आलं. आता पुतण्याला सावजी मसाल्याचे तीन छापील पाउच बाजारात आणायचे आहेत: मटण, चिकन आणि पाटोडी. ओळख एका फोटोग्राफरमार्फत झाली, याआधी एकत्र काम केलेलं नाही. हे प्रकरण एका ठरावीक व्यक्तीचं नाही, फ्रीलान्स काम करणाऱ्यांना वारंवार येणाऱ्या प्रसंगांतून ते बांधलं आहे. आकडे मात्र कामाच्या हिशेबाने जुळतील असेच घेतले आहेत.

सोमवारी, 2 तारखेला दुकानाच्या माडीवर पहिली बैठक झाली. काका, पुतण्या आणि डिझायनर. चहा झाला, मसाल्याचा वास घेऊन झाला, जुन्या पिशव्या पाहून झाल्या. कामाबद्दल तासभर बोलणं झालं आणि पैशाबद्दल दोन मिनिटं. तिने अंदाजे अडतीस हजार सांगितले, पुतण्या म्हणाला, “होऊन जाईल ना ताई, तुम्ही सुरू करा.” गुरुवारी तिने हुरूप म्हणून मुख्य पाउचची दोन कच्ची स्केचेस पाठवली. ती आवडली. शुक्रवारी तिने हा मेसेज पाठवला:

> नमस्कार दादा, स्केचेस आवडली हे ऐकून छान वाटलं. एक सांगायचं होतं, प्लीज गैरसमज करून घेऊ नका. आधी एक-दोन ठिकाणी माझे पैसे अडकले आहेत, त्यामुळे नवीन क्लायंटकडून मी 50% ॲडव्हान्स घेते. तुमच्यावर विश्वास नाही असं अजिबात नाही. शक्य असेल तर बघा.

उत्तर आलं, “काकांना विचारून सांगतो.” मग शनिवार, रविवार, सोमवार काहीच नाही.

मेसेज नम्र आहे, आवाज चढलेला नाही, आणि मागणीही रास्त आहे. तरी तो लागला. का लागला हे नीट पाहायला हवं, कारण ॲडव्हान्स मागताना बहुतेक जण याच तीन ठिकाणी घसरतात.

पहिलं कारण वेळेचं. पैसे टप्प्याने घ्यायचे हे सोमवारच्या बैठकीत निघालंच नाही. गुरुवारी स्केचेस गेली, म्हणजे क्लायंटच्या लेखी काम सुरू झालं. शुक्रवारी अट आली. कामाआधी आलेली अट ही कामाची पद्धत वाटते. काम सुरू झाल्यावर तीच अट आली की माणूस मागे वळून शोधायला लागतो: मधल्या चार दिवसांत असं काय झालं? आपल्याबद्दल कोणी काही सांगितलं का? उत्तर सापडत नाही आणि संशय उरतो. शिवाय दोन स्केचेस फुकट दिल्यामुळे पुढचं डिझाइनही असंच आधी पाहायला मिळेल, ही अपेक्षा तिने स्वतःच तयार केली होती.

दुसरं कारण शब्दांचं. ‘गैरसमज करून घेऊ नका’ आणि ‘विश्वास नाही असं नाही’ या दोन वाक्यांआधी विश्वासाचा विषयच नव्हता. तो मेसेजने आणला. ‘नवीन क्लायंटकडून’ म्हटल्यावर जुन्यांची रांग वेगळी आणि यांची वेगळी झाली. ‘आधी पैसे अडकले’ यातून तर दुसऱ्या कोणाच्या चुकीचा भार या दुकानावर टाकला गेला. ती गोष्ट खरी असेल, मनाला लागलेलीही असेल, पण ज्याने ती केली नाही त्याला ती ऐकवायची नसते.

तिसरं कारण म्हणजे मेसेजमध्ये धरून पुढे जाता येईल असं काहीच नव्हतं. पन्नास टक्के म्हणजे नेमके किती रुपये? कशासाठी? कधीपर्यंत? कुठल्या खात्यात? आणि ते दिल्यावर आपल्याला काय, कधी मिळणार? ‘शक्य असेल तर बघा’ याला उत्तर देणं क्लायंटलाही अवघड जातं. हो म्हटलं तर आपण संशय मान्य केला असं होतं, नाही म्हटलं तर वाईटपणा येतो. म्हणून तो काकांवर ढकलतो आणि गप्प बसतो.

या गप्प बसण्यामागे इतवारीचं म्हणून एक वेगळं कारणही आहे, आणि ते समजल्याशिवाय दुरुस्ती जमत नाही. घाऊक बाजारात उधारी ही पत आहे. मिरचीची पोती आधी जातात, पैसे पंधरा दिवसांनी, महिन्याने येतात. ज्याला उधारीवर माल मिळतो तो बाजारातला माणूस, आणि ज्याच्याकडून आधी रोख मागितली जाते त्याची पत गेलेली किंवा अजून तयार व्हायची असते. काकांच्या कानाला ‘ॲडव्हान्स’ हा शब्द याच अर्थाने ऐकू येतो. डिझायनरला वाटतं आपण कामाची पद्धत सांगतो आहोत, तिकडे मात्र आपल्या पत असण्यावरच बोट ठेवलं गेलं असं वाटतं.

आकडा आधी स्वतःसाठी मांडायचा

सोमवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा कागद घेतला. हे खरं तर 2 तारखेच्या रात्रीच व्हायला हवं होतं. मेसेजचे शब्द बदलून भागत नाही, आकड्यामागे हिशेब हवा. ‘सगळे पन्नास टक्के घेतात’ हा हिशेब नव्हे, आणि क्लायंटने ‘पन्नासच का?’ विचारलं की तो तिथेच तुटतो.

डिझाइनची फी 30,000 आणि फोटोचा खर्च 8,000, असे मिळून 38,000. हे दोन आकडे आधी वेगळे केले पाहिजेत, कारण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. फोटोचे आठ हजार तिचे नाहीतच. ते फोटोग्राफर, स्वयंपाकी आणि सामानाला जाणार. मटण पाउचवर रश्श्याचा फोटो हवा, आणि त्यात तर्री दिसायला हवी. रस्सा निवला की वरचं तेल मंदावतं, रंग उतरतो, म्हणून रस्सा शिजवणारा आणि फोटो काढणारा एकाच सकाळी एकाच जागी लागतात. तारीख घेतली की मटण आणावंच लागतं. असा दुसऱ्याला द्यायचा खर्च आपल्या फीच्या टक्केवारीत कधी मिसळायचा नाही. तो पूर्ण आधी, किंवा क्लायंटने थेट द्यायचा. तो मिसळला आणि 38,000 चे पन्नास टक्के म्हणजे 19,000 घेतले, तर आठ बाहेर जाऊन हातात अकरा उरतात, आणि क्लायंटला मात्र आपण हिला अर्धे पैसे दिले असं वाटत राहतं.

उरली फी. काम एकूण पंधरा दिवसांचं. पहिले सहा दिवस मुख्य पाउचची दोन डिझाइन तयार करून दाखवायला. पुढचे सहा, निवडलेलं डिझाइन पक्कं करून बाकी दोन पाउच आणि मागची बाजू करायला. मागच्या बाजूला घटक पदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, हिरवं चिन्ह, बारकोड हे सगळं बसवायचं असतं आणि तिथे वेळ जातो. शेवटचे तीन दिवस पाउचवाल्याने दिलेल्या मापात छपाईच्या फाइल करायला. दिवसाचे दोन हजार धरले तर टप्पे आपोआप पडतात: 12,000, 12,000 आणि 6,000. म्हणजे पहिला टप्पा फीच्या चाळीस टक्के झाला, पण टक्का नंतर आला, आधी आले ते दिवस.

या मांडणीत प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या टप्प्याच्या कामाआधी येतात. काम कुठेही थांबलं तरी तिचे दिवस बुडत नाहीत आणि न झालेल्या कामाचे पैसे क्लायंटचे जात नाहीत. ॲडव्हान्सची रक्कम ठरवायची योग्य रीत हीच: पुढचा पैसा येईपर्यंत माझे किती दिवस आणि किती खर्च जाणार, तेवढीच. त्याहून जास्त मागितलं तर क्लायंटचा संशय रास्त ठरतो. त्यालाही धास्ती असते, ती कोणी बोलून दाखवत नाही इतकंच. पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद झालं, असा अनुभव त्याच्या ओळखीत कोणालातरी आलेला असतोच.

दुकानात जाऊन बोलणं

मंगळवारी, 10 तारखेला सकाळी तिने पुतण्याला फोन केला. शुक्रवारच्या मेसेजची सफाई दिली नाही. “दादा, त्या दिवशी मी पैशाचं अर्धवट लिहिलं, नीट कोटेशन करून आणते, काकांनाही दाखवते,” एवढंच. बिघडलेल्या मेसेजवर दुसरा मेसेज चढवण्यापेक्षा हे बरं. इतवारीतलं मोठं माणूस व्हॉट्सॲपवर पैशाची अट वाचून जेवढं दुखावतं, तेवढं समोर बसून ऐकताना दुखावत नाही. समोर कागद असतो, आकड्यावर बोट ठेवता येतं, आणि नाराजी असली तर ती बोलून मोकळी होते.

काकांनी बोलून दाखवलीच. “बेटा, इथून गोंदियापर्यंत माल उधारीवर जाते आमचा. कोणाला आधी पैसे मागितले नाही आम्ही.” पुतण्याने भर घातली, “ताई, पैसे कुठं पळून राहिले?”

इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. संकोचून मागे येतात आणि ‘ठीक आहे, काम झाल्यावर द्या’ म्हणतात. किंवा मग माझे नियम असेच आहेत म्हणून ताठ होतात. तिने विचारलं, “काका, पाउच कुठे छापणार? सिलिंडरचे पैसे त्याला कधी द्यायचे आहेत?”

हा प्रश्न नेमका जागी लागतो. मोठ्या संख्येने पाउच छापायचे तर ते रोटोग्रॅव्हर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो. सात रंगांचं डिझाइन असेल तर सात सिलिंडर, आणि तीन पाउच म्हणजे तीन वेगळे संच. सिलिंडर कोरायला टाकण्याआधी पाउचवाला त्याचे पैसे मागतो. काका पंधरा दिवसांपूर्वीच त्याच्याशी बोलले होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“तो आधी घेतो, कारण तुमच्या नावाचा सिलिंडर दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही,” ती म्हणाली. “मिरचीचं पोतं परत आलं तर दुसऱ्याला विकता येतं. तुमच्या पाउचचं डिझाइन मला दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून ज्या टप्प्याचं काम, त्याचे पैसे त्या टप्प्याआधी घेते. सगळ्यांकडून असंच.”

उधारी आणि ॲडव्हान्स यांतला खरा फरक यात आला. उधारी चालते ती परत विकता येणाऱ्या मालावर. मापाने शिवलेला ब्लाउज, नाव कोरलेली ट्रॉफी, छापलेली लग्नपत्रिका, कोरलेला सिलिंडर, यांना दुसरा गिऱ्हाईक नाही, आणि म्हणून त्या धंद्यांत आधी पैसे घेणं कोणाला अपमानाचं वाटत नाही. डिझाइन, लेखन, भाषांतर, वेबसाइट ही कामं याच रांगेतली आहेत. क्लायंटच्या स्वतःच्या व्यवहारात तो जिथे आनंदाने आधी पैसे देतो, तिथे आपलं काम नेऊन ठेवलं की पत असण्या-नसण्याचा प्रश्न उरत नाही. घरात लग्न असलेल्याला मंगल कार्यालयाचं उदाहरण द्यावं, शेतकऱ्याला कलमांच्या नर्सरीचं. मात्र हे एकदाच आणि तोंडी सांगायचं. कोटेशनमध्ये लिहिलं की ते वकिली वाटतं, आणि बोलताना ताणलं तर आपण वाद जिंकल्यासारखं होतं. काकांनी मान हलवली तेव्हा ती थांबली आणि कागद पुढे सरकवला.

पुतण्याचा दुसरा मुद्दा होता, “आता पाच हजार घ्या, डिझाइन आवडलं की बाकीचे लगेच.” याला ‘नाही’ म्हणायची गरज नसते, पण त्याच कामाला पाच हजारांत सुरुवातही करायची नसते. पैसे कमी तर काम कमी. तिने दोन पर्याय ठेवले. एक, फक्त मुख्य पाउचची पुढची बाजू, फोटोशिवाय, तीन दिवसांचं काम, 6,000. ते आवडलं तर पुढचं कोटेशन. दुसरा, ठरलेलं पूर्ण काम, पण फोटोचे आठ हजार तिच्याकडे न देता दुकानाने थेट फोटोग्राफरला द्यायचे. काकांनी दुसरा घेतला. आठ हजार कुठे जातात हे त्यांना डोळ्यांनी दिसणार होतं, आणि तिला द्यायची पहिली रक्कम वीसवरून बारा हजारांवर आली. तिचं यात काही गेलं नाही, ते आठ हजार तिचे कधी नव्हतेच.

‘आधी फुकट नमुना दाखवा’ ही मागणी आली असती तर जुनी कामं दाखवायची, शक्य असल्यास छापलेला पाउच हातात द्यायचा. नव्या कामाचा नमुना हेच काम असतं. पॅकेजिंगमध्ये अवघड भाग पहिली कल्पना हाच आहे, बाकी दोन पाउच त्याच साच्यावर निघतात.

कोटेशन आणि मेसेज

त्या संध्याकाळी तिने एक पानी कोटेशन पाठवलं आणि सोबत हा मेसेज:

> नमस्कार दादा, आज काकांशी आणि तुमच्याशी ठरल्याप्रमाणे तिन्ही पाउचचं कोटेशन सोबत आहे. सोमवार 16 तारखेला काम सुरू करते आणि शनिवार 21 ला दुकानात येऊन दोन डिझाइन दाखवते.
> पैसे तीन टप्प्यांत आहेत: सुरू करताना 12,000, डिझाइन निवडलं की 12,000, आणि छपाईच्या फाइल सुरू करण्याआधी 6,000. फोटोचे 8,000 तुम्ही थेट फोटोग्राफरला द्याल.
> फोटोसाठी बुधवार 18 ची सकाळ मिळते आहे. शुक्रवार 13 पर्यंत पहिला टप्पा आला की दोन्ही तारखा पक्क्या करते. खात्याची माहिती कोटेशनच्या खाली आहे.
> बिल कोणत्या नावाने करू, दुकानाच्या की नवीन फर्मच्या?

शुक्रवारच्या मेसेजशी हा ताडून पाहिला तर बदल दिसतो. क्लायंटला काय मिळणार हे आधी येतं, पैसे नंतर. पैशाला रुपयांचा आकडा आहे आणि तारीख आहे, आणि ती तारीख फोटोग्राफरच्या बुधवारशी बांधलेली आहे. विश्वास, गैरसमज, अनुभव हे शब्दच नाहीत. ‘ॲडव्हान्स’ सुद्धा नाही, ‘पहिला टप्पा’ आहे. शब्द बदलून लपवाछपवी होत नाही, कारण तो खरंच पहिल्या टप्प्याचा मोबदला आहे. शेवटी प्रश्न आहे, आणि तो ‘देणार का’ असा नसून बिलाच्या नावाचा आहे. त्याचं उत्तर देणं सोपं जातं, आणि ते दिलं की व्यवहार पुढे सरकलेला असतो.

कोटेशनच्या पानावर कामाची यादी, किती वेळा बदल करून मिळतील ते (इथे दोन फेऱ्या), टप्पे आणि तारखा होत्या. त्याखाली काम थांबलं तर काय, याच्या तीन ओळी:

> काम सुरू होण्याआधी आपण थांबलात तर पहिला टप्पा पूर्ण परत.
> दोन डिझाइन दाखवल्यावर थांबलात तर पहिला टप्पा कामापोटी जमा, पुढे काही देणं नाही.
> ठरल्या तारखेनंतर सात दिवसांतही माझ्याकडून डिझाइन आली नाहीत, तर आपण सांगाल तेव्हा पहिला टप्पा पूर्ण परत.

तिसरी ओळ सगळ्यात उपयोगाची आहे आणि सगळ्यात कमी जण ती लिहितात. पैसे आधी मागणाऱ्याने आपल्यावरही बंधन घेतलं, हे त्या ओळीतून दिसतं. ‘ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ अशी सरसकट ओळ मात्र टाळावी. ती वाचायला कडू लागते आणि कायद्यातही फार टिकाऊ नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम आपोआप पूर्ण मिळत नाही, तिच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. झालेल्या कामापोटी पैसे ठेवले, हे सांगणं दोन्ही दृष्टींनी सरळ आहे.

उद्यम नोंदणीचा प्रश्न इथे हमखास निघतो. नोंदणी मोफत आहे आणि ती करून ठेवावी. एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, क्लायंटने झालेलं काम स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. पण हे सगळं काम झाल्यानंतरच्या पैशाचं आहे, ॲडव्हान्स मिळवून द्यायला याचा उपयोग नाही. नव्या क्लायंटच्या पहिल्या कोटेशनमध्ये व्याजाची धमकी घातली तर दिवसभराचं गोड बोलणं वाया जातं. खाली बारीक अक्षरात उद्यम क्रमांक असला की पुरे, त्याचा अर्थ दुकानाच्या सीएला कळतो.

पैसे येईपर्यंत आणि आल्यावर

पुतण्याने बुधवारी उत्तर दिलं, बिल नव्या फर्मच्या नावाने, आणि विचारलं, “जीएसटी लागेल का?” तिची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि तिने जीएसटी नोंदणी घेतलेली नाही, म्हणून ती जीएसटी लावू शकत नाही. दुकानाला जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही हे तिने तेव्हाच सांगितलं, शेवटच्या बिलात कळण्यापेक्षा ते बरं. नोंदणी असती तर वेगळी काळजी घ्यावी लागली असती: सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे मिळाले तेव्हाच जीएसटी देय होतो आणि त्याचं रिसिट व्हाउचर द्यावं लागतं. मग 12,000 अधिक 18 टक्के, म्हणजे 14,160, असा आकडा कोटेशनमध्येच हवा.

टीडीएस इथे आला नाही. व्यावसायिक सेवेची रक्कम वर्षात 50,000 च्या आत असेल तर तो कापायचा नसतो. पण याच फर्मचं पुढचं काम आलं आणि आकडा ओलांडला, तर ज्याला टीडीएस लागू आहे तो क्लायंट ॲडव्हान्समधूनही 10 टक्के कापून पाठवतो, कारण पैसे देणं किंवा खात्यात जमा दाखवणं यांत जे आधी होईल तेव्हाच कपात करायची असते. 12,000 च्या जागी 10,800 आले की ‘पैसे कमी आले’ असा घाईचा मेसेज करू नये. आधी विचारून घ्यावं.

खात्याच्या बाबतीत एक बारीक गोष्ट फार बिघडवते. कोटेशन एका नावाने आणि यूपीआयचा क्यूआर कोड भावाच्या, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाचा. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर अनोळखी नाव दिसतं आणि देणारा तिथेच थांबतो. विचारायला त्यालाही अवघड वाटतं, आणि इकडे वाटत राहतं की टाळाटाळ चालू आहे. कोटेशनवरचं नाव, खात्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव एकच असावं.

गुरुवार संध्याकाळपर्यंत पैसे आले नव्हते. ‘पेमेंटचं काय झालं?’ असं विचारलं की तो तगादा होतो. तिने लिहिलं, “दादा, फोटोग्राफरला उद्या दुपारी बुधवारची हो-नाही सांगायची आहे. उद्या जमेल का, की पुढची तारीख घेऊ?” यात दोन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. शुक्रवारी सकाळी आधी एक रुपया आला, खातं बरोबर आहे का पाहायला, आणि दहा मिनिटांनी 11,999.

आले नसते तर तिने 16 ची तारीख शांतपणे सोडायची होती: “या आठवड्यातली जागा दुसऱ्या कामाला देते, पुढची तारीख सोमवार 23 आहे.” आणि खरोखर सोडायची होती. अवघड भाग हाच आहे. ‘आज करतो, उद्या करतो’ ऐकत सोमवारी काम सुरू केलं, तर टप्प्यांची सगळी मांडणी कागदावर राहते आणि दुसऱ्या टप्प्याचे पैसे फाइल दिल्यावरही येत नाहीत. पहिल्या टप्प्याला सूट दिली की क्लायंट तीच पद्धत समजतो, आणि त्यात त्याची चूकही नसते.

पैसे आल्यावर तासाभरात तिने पावती पाठवली: कोटेशन क्रमांक, फर्मचं नाव, 12,000 मिळाले, कशापोटी, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, उरलेले दोन टप्पे आणि पुढची तारीख. पैसे पुतण्याच्या वैयक्तिक खात्यातून आले होते, तर फर्मच्या वतीने मिळाले असं पावतीवर लिहिलं, म्हणजे त्यांच्या हिशेबात गोंधळ नको. ‘थँक्यू’ आणि हात जोडलेली इमोजी ही पावती होत नाही. आधी पैसे दिलेला माणूस पुढच्या चोवीस तासांत सगळ्यात अस्वस्थ असतो, आणि त्याची अस्वस्थता घालवायला पावतीइतकं साधं काही नाही. सोमवारी काम सुरू झाल्यावर तिने बुधवारच्या शूटसाठी कोणता मसाला किती लागेल, कढई काळी हवी की पितळी, हे विचारून घेतलं. काम चालू आहे हे त्यातून न सांगता कळलं.

ही मांडणी सगळीकडे चालत नाही. मिहान किंवा बुटीबोरीतल्या मोठ्या कंपनीचा पर्चेस विभाग एकट्या माणसाला सहसा ॲडव्हान्स देत नाही. तिथे व्हेंडर नोंदणी होते, पर्चेस ऑर्डर निघते आणि पैसे बिलानंतर ठरल्या दिवसांनी येतात. सरकारी कार्यालयातही तसंच. तिथे आग्रह धरून उपयोग नाही. लेखी ऑर्डर हातात आल्याशिवाय सुरू करायचं नाही, काम लहान तुकड्यांत पाडून प्रत्येक तुकड्याचं बिल लावायचं, आणि बाहेरचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा नाही. ओळखीच्या, नात्यातल्या क्लायंटकडे मात्र हीच मांडणी जशीच्या तशी लावावी, तारखा आणि पावतीसकट. तिथे तोंडी सूट दिली की पैसेही अडकतात आणि बोलणंही खुंटतं.

21 तारखेला शनिवारी तिने दुकानात दोन्ही डिझाइन खऱ्या मापाच्या कागदी पाउचवर चिकटवून काउंटरवर उभी केली. काकांनी लाल रंगाचं उचललं, तर्री थोडी अजून दिसू द्या म्हणाले आणि पुतण्याला सांगितलं, “दुसरा टप्पा आजच टाकून दे, पाउचवाल्याला पुढच्या आठवड्यात फाइल लागते.”